फोटोतला सीबीसी रिपोर्ट: H आणि L च्या खुणा घरच्यांना साध्या शब्दांत कशा सांगाव्यात

रक्ताच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलवर येतो, पाचसहा आकड्यांपुढे H किंवा L छापलेलं असतं आणि खाली एकच ओळ असते: "बघ ना, काय निघालंय?" डॉक्टरांची वेळ परवाची असते. तोवर रिपोर्टवाल्याला झोप लागत नाही, म्हणून तो घरातल्या किंवा वस्तीतल्या शिकलेल्या माणसाला विचारतो. हा लेख त्या विचारल्या जाणाऱ्या माणसासाठी आहे. ती भाची असेल, आशाताई असेल, नाहीतर लॅबच्या काउंटरवर नव्याने लागलेला मुलगा.

इथे फक्त सीबीसी घेतला आहे, म्हणजे ज्याला बरेच जण हिमोग्राम म्हणतात तो. सगळ्यात जास्त फोटो याच रिपोर्टचे येतात, आणि त्यात एकाच गोष्टीच्या पाचसहा खुणा उमटत असल्यामुळे सगळ्यात जास्त घाबरगुंडीही हाच उडवतो. खूण कशाची तुलना कशाशी करते आहे ते सांगणं, एवढंच आपलं काम. आजाराचं नाव घेणं आपलं काम नाही. का नाही, ते सहाव्या पायरीत उदाहरणावरून कळेल.

जवळ एवढं असू द्या:

- रिपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो, जमलं तर लॅबकडून आलेली पीडीएफ
- रुग्णाचं वय, स्त्री की पुरुष, आणि बाई असेल तर गरोदर आहे का
- आधीचा सीबीसी असेल तर तोही
- कोरा कागद आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर

१. फोटो वाचण्यालायक आहे का ते आधी ठरवा

कागदाचे चारही कोपरे दिसत नसतील तर दुसरा फोटो मागवा. कागद टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल बरोबर वर धरून काढायला सांगा. गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आकड्यावर पडतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं, तर चित्र दाबलं जात नाही आणि दशांशचिन्ह जागेवर राहतं.

तिरक्या फोटोत सगळ्यात मोठा घोळ ओळींचा होतो. डावीकडे चाचणीचं नाव, मध्ये आकडा, मग एकक आणि उजवीकडे सामान्य मर्यादा, असे चार रकाने असतात. कागद तिरका असला की नजर एक ओळ खाली घसरते आणि एमसीव्हीची मर्यादा एमसीएचला लागते. फोटो मोठा करून स्क्रीनवर कागदाची पट्टी धरा आणि एकेक ओळ कागदावर उतरवून घ्या. पाच मिनिटं जातात, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

२. रिपोर्ट कोणाचा आणि कधीचा

नाव, वय, लिंग आणि नमुना घेतल्याची तारीख वाचा. एकाच घरातल्या दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं असेल तर आडनाव सारखं असतं आणि फोटो अदलाबदल होतात.

वय आणि लिंग चुकीचं छापलं असेल तर खुणाही चुकतात, कारण यंत्र मर्यादा त्यावरून निवडतं. बाईच्या हिमोग्लोबिनची मर्यादा साधारण १२ पासून सुरू होते, पुरुषाची १३ पासून. तीन वर्षांच्या मुलाच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं प्रमाण मोठ्यांपेक्षा नैसर्गिकपणेच जास्त असतं. त्याच्या रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापली गेली तर विनाकारण H उमटतो. गरोदर बाईच्या बाबतीतही मोठ्या बाईची नेहमीची मर्यादा जशीच्या तशी लागू होत नाही. पोटात बाळ असताना रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरतो. म्हणून तिथे पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११ हा आकडा धरतात. लॅबला गरोदरपण सांगितलेलंच नसतं, हे बहुतेक वेळा लक्षात येत नाही.

३. आकडे हिशेबाने पडताळा

सीबीसीची एक सोय आहे. त्यातले काही आकडे एकमेकांतून काढलेले असतात. त्यामुळे घडीवर किंवा डागाखाली गेलेला आकडा आपल्याला तपासता येतो. पुढे जे उदाहरण चालवायचं आहे ते आताच मांडतो. समजा, ३४ वर्षांच्या, गरोदर नसलेल्या बाईंचा रिपोर्ट असा आहे, त्यातल्या नावांचे अर्थ सहाव्या पायरीत येतील:

- हिमोग्लोबिन ९.८ (मर्यादा १२ ते १५), L
- तांबड्या पेशी ४.५५ दशलक्ष (३.८ ते ४.८)
- पीसीव्ही ३१.४ टक्के (३६ ते ४६), L
- एमसीव्ही ६९.० (८३ ते १०१), L
- एमसीएच २१.५ (२७ ते ३२), L
- एमसीएचसी ३१.२ (३१.५ ते ३४.५), L
- आरडीडब्ल्यू १८.२ (११.६ ते १४), H
- पांढऱ्या पेशी ६,२०० (४,००० ते १०,०००)
- लिम्फोसाइट ४४ टक्के (२० ते ४०), H
- प्लेटलेट ४.६२ लाख (१.५ ते ४.१), H

फोटोत हिमोग्लोबिन ९.८ आहे की ३.८, ते नीट दिसत नाही असं धरा. फरक जीवघेणा आहे, अंदाजाने वाचायचं नाही. हिमोग्लोबिनला तांबड्या पेशींच्या आकड्याने भागून १० ने गुणलं की एमसीएच मिळतो. ९.८ ÷ ४.५५ × १० = २१.५. रिपोर्टवर २१.५ आहे, म्हणजे ९.८ बरोबर. ३.८ घेतला असता तर ८.४ आलं असतं. तसंच पीसीव्हीला तांबड्या पेशींनी भागून १० ने गुणलं की एमसीव्ही येतो: ३१.४ ÷ ४.५५ × १० = ६९.०. पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांच्या टक्क्यांची बेरीज १०० यायला हवी. हिशेब जुळत नसेल तर आपण आकडा चुकीचा वाचला आहे असं धरा आणि फोटो पुन्हा मागवा. नवा फोटो स्वच्छ असूनही जुळत नसेल तर लॅबला फोन करायला सांगा.

एककाकडेही बघा. प्लेटलेट कुठे ४.६२ लाख असं छापतात, कुठे ४,६२,०००, तर कुठे ४६२ आणि पुढे `10^3/µL`. तिन्ही एकच. ४६२ वाचून "प्लेटलेट पाचशेसुद्धा नाहीत" म्हणून घरात रडारड व्हायला वेळ लागत नाही. इंग्लंडमधल्या नातेवाइकाच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ९८ दिसेल, कारण तिथे ते डेसिलिटरऐवजी लिटरमागे मोजतात. आपल्याकडचं ९.८ म्हणजेच तिथलं ९८.

४. खूण म्हणजे काय ते स्वतःला आधी नीट समजू द्या

H म्हणजे आकडा छापलेल्या मर्यादेच्या वर, L म्हणजे खाली. काही लॅब बाण काढतात, काही आकडा ठळक किंवा लाल करतात. HH, LL किंवा 'क्रिटिकल' लिहिलं असेल तर ते वेगळं, त्याबद्दल आठव्या पायरीत. चांदणीची खूण मात्र फसवी आहे. काही लॅब चांदणी असामान्य आकड्याला लावतात, तर काही ती चाचणी एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाही एवढंच दाखवायला लावतात. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात तिचा अर्थ दिलेला असतो, तो वाचल्याशिवाय बोलू नका.

ही मर्यादा बहुतेक वेळा निरोगी माणसांचं रक्त तपासून ठरवलेली असते. मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे बसतात तो पट्टा 'सामान्य' म्हणून छापतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच त्या पट्ट्याच्या बाहेरच असतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसालाही किमान एक खूण मिळण्याची शक्यता ६४ टक्के येते. खूण पाहिल्यावर मर्यादेपासूनचं अंतर बघायचं ते म्हणूनच. आपल्या उदाहरणात एमसीएचसी ३१.२ आणि मर्यादा ३१.५ आहे. तो L काठावरचा आहे. हिमोग्लोबिन ९.८ आणि मर्यादा १२, हा L काठावरचा नाही. कागदावर दोन्हीकडे अक्षर एकच दिसतं, म्हणून हा फरक आपण सांगायचा.

५. टक्के आणि संख्या यांची गल्लत करू नका

लिम्फोसाइट ४४ टक्के, H. हे वाचून "रक्तात इन्फेक्शन आहे" असं सांगणारे खूप भेटतात. टक्का हा वाटा असतो. भाकरी तेवढीच असेल आणि एकाचा वाटा कमी झाला, तर दुसऱ्याचा आपोआप जास्त दिसतो. प्रत्यक्ष संख्या काढा: एकूण पांढऱ्या पेशी ६,२००, त्यांचे ४४ टक्के म्हणजे २,७२८. बऱ्याच लॅब ही संख्या 'ॲब्सोल्यूट' या नावाने खाली वेगळी छापतात आणि तिथली मर्यादा साधारण १,००० ते ३,००० असते. २,७२८ त्यात बसतं. टक्क्यापुढे H आहे, पण संख्या मर्यादेत आहे. एवढंच सांगायचं.

इथे बोलीतली एक अडचणही आहे. डेंग्यूच्या दिवसांत "पेशी कमी झाल्या" म्हणजे प्लेटलेट कमी झाल्या, आणि एरवी "पेशी वाढल्या" म्हणजे पांढऱ्या पेशी वाढल्या. समोरचा 'पेशी' म्हणाला की कोणत्या, ते विचारा. आपणही नुसतं 'पेशी' म्हणू नका.

६. खुणा मोजू नका, त्यांचे गट करा

उदाहरणात आठ खुणा आहेत. "आठ गोष्टी बिघडल्यात" असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सांगायच्या गोष्टी तीनच आहेत.

पहिली गोष्ट तांबड्या पेशींची, आणि तिच्यातच सहा खुणा संपतात. हिमोग्लोबिन म्हणजे तांबड्या पेशीत भरलेला, प्राणवायू वाहणारा पदार्थ. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे ते. एमसीव्ही पेशीचा सरासरी आकार सांगतो, एमसीएच एका पेशीत सरासरी किती हिमोग्लोबिन आहे ते, आणि एमसीएचसी ते किती दाट भरलं आहे ते. आरडीडब्ल्यू सांगतो की पेशी एकसारख्या मापाच्या आहेत की लहानमोठ्या. सगळं जोडलं की एक वाक्य तयार होतं: तांबड्या पेशींची संख्या मर्यादेत आहे, पण त्या आकाराने लहान आहेत, त्यांत हिमोग्लोबिन कमी भरलं आहे आणि सगळ्या एका मापाच्या नाहीत.

हे चित्र पाहून "लोह कमी आहे, गोळ्या सुरू कर" असं तोंडावर येतं. इथेच थांबायचं. लहान आणि कमी भरलेल्या पेशी लोह कमी पडल्यावर दिसतात, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असलेल्या माणसात दिसतात आणि दीर्घकाळ चाललेल्या सुजेच्या आजारातही दिसू शकतात. कधी दोन कारणं एकत्र असतात. त्यातलं कोणतं, ते या कागदावर छापलेलं नाही. त्यासाठी डॉक्टर लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनसारखी किंवा हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी दुसरी तपासणी सांगतात. आपल्या सांगण्यावरून गोळ्या आधीच सुरू झाल्या तर लोहाच्या तपासणीचे आकडे बदलतात आणि डॉक्टरांना मूळ स्थिती दिसत नाही. आणि लोहच कमी असलं तरी ते जातंय कुठे हा प्रश्न उरतो. पाळीत जास्त रक्त जात असेल, मूळव्याध असेल, पोटात कुठे रक्तस्राव होत असेल. गोळीने आकडा वर येतो आणि कारण आतल्या आत तसंच चालू राहतं. आजाराचं नाव न घेण्यामागचं कारण हे आहे.

दुसरी गोष्ट लिम्फोसाइटचा टक्का. तो पाचव्या पायरीत झाला.

तिसरी प्लेटलेट: ४.६२ लाख, मर्यादेपेक्षा थोड्या जास्त. प्लेटलेट वाढण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यातली कितीतरी तात्पुरती असतात, म्हणून या आकड्याचा अर्थ डॉक्टर बाकीच्या रिपोर्टबरोबरच लावतात. "थोड्या जास्त आहेत, डॉक्टरांना दाखवायच्या" यापुढे जाऊ नका.

७. सांगताना शब्द कोणते वापरायचे

"रक्त कमी आहे" हा आपला सर्रास शब्द आहे, पण ऐकणाऱ्याला अंगातलं रक्तच आटलं असं वाटतं आणि पुढचा प्रश्न येतो, "रक्त चढवावं लागेल का?" त्याऐवजी "हिमोग्लोबिन कमी आहे" म्हणा आणि आकडा व मर्यादा दोन्ही सांगा. "काही नाही, किरकोळ आहे" असंही म्हणू नका. तेही निदानच आहे, फक्त उलट्या दिशेचं, आणि त्यावर विसंबून डॉक्टरांची वेळ रद्द होते.

आधी काय मर्यादेत आहे ते सांगा, मग खुणांचे गट, मग या कागदावरून काय कळत नाही ते, आणि शेवटी पुढे काय करायचं. वरच्या रिपोर्टसाठी निरोप असा लिहिता येईल:

"वहिनी, रिपोर्ट नीट वाचला. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या मर्यादेत आहे. लिम्फोसाइटपुढे H आहे तो टक्क्याचा, त्यांची प्रत्यक्ष संख्या मर्यादेत बसते. हिमोग्लोबिन ९.८ आहे, लॅबने १२ ते १५ ही मर्यादा दिली आहे, म्हणजे ते बऱ्यापैकी कमी आहे. खालच्या पाच खुणा त्याच गोष्टीच्या आहेत, वेगळे पाच बिघाड नाहीत. तांबड्या पेशी आकाराने लहान आहेत एवढं त्यातून कळतं. तसं का झालं ते या रिपोर्टवरून सांगता येत नाही, ते डॉक्टरच बघतील. प्लेटलेट मर्यादेपेक्षा थोड्या जास्त आहेत, त्याही दाखवा. परवाची वेळ चुकवू नका आणि तोवर कुणी सांगितलं म्हणून लोहाची गोळी सुरू करू नका. डॉक्टरांनी आधीच काही गोळी दिली असेल तर ती मात्र बंद करू नका. आता बसल्या जागी धाप लागते का, कुठून रक्त जातंय का? तसं असेल तर आत्ता फोन करा."

निरोप लिहून पाठवण्याआधी फोन करता आला तर जास्त बरं. आवाजावरून समोरची व्यक्ती किती घाबरली आहे ते कळतं आणि शेवटचे दोन प्रश्न लगेच विचारता येतात. रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या कुणा जाणकाराला दाखवायचा असेल तर रुग्णाला विचारा आणि नाव, फोन नंबर, बारकोड कापूनच पाठवा.

८. परवापर्यंत थांबायचं नाही ते कधी

HH, LL किंवा 'क्रिटिकल' लिहिलं असेल तर समजावत बसू नका, डॉक्टरांना लगेच फोन करायला सांगा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, प्लेटलेट ५०,००० च्या खाली, पांढऱ्या पेशी २,००० च्या खाली किंवा ३०,००० च्या वर असतील तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं व्हायला हवं. हे आकडे आजार ओळखण्यासाठी नाहीत, घाई किती करायची ते ठरवण्यासाठी आहेत.

आकड्यापेक्षा माणसाकडे आधी बघा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, डांबरासारखी काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव, यातलं काहीही असेल तर आकडा मर्यादेत असला तरी सरळ दवाखाना गाठायचा. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८.

प्लेटलेट फारच कमी दिसल्या तर रिपोर्टच्या तळाची शेरा-ओळ वाचा. कधीकधी तिथे प्लेटलेटच्या गुठळ्या दिसल्याचं लिहिलेलं असतं. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या औषधामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या सुट्या मोजू शकत नाही. अशा वेळी काचपट्टीवर पाहून किंवा निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात. हा शेरा तुम्हाला दिसला म्हणून "मग काळजी नाही" असं ठरवू नका. तो डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवा.

९. डॉक्टरांकडे जाताना हातात काय द्यायचं

मूळ रिपोर्ट किंवा पीडीएफ न्यायला सांगा, फोटो नाही. आधीचा सीबीसी असेल तर तो नक्की. वर्षभरापूर्वी एमसीव्ही ८८ होता की तेव्हाही ६९ होता, यावरून डॉक्टरांना बरंच उमगतं. सोबत एका कागदावर एवढं लिहून द्या: सध्या चालू असलेली सगळी औषधं, त्यात आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेलं टॉनिकही. पाळी किती दिवस चालते आणि दिवसाला किती पॅड लागतात. गेल्या महिन्याभरात ताप, जुलाब, शस्त्रक्रिया किंवा रक्तदान झालं का. घरात कुणाला थॅलेसेमिया आहे का.

प्रश्नही लिहून द्या, कारण आत गेल्यावर विसरायला होतं. हिमोग्लोबिन कमी का झालं ते शोधायला कोणती तपासणी लागेल? औषध सुरू केलं तर पुन्हा सीबीसी किती दिवसांनी करायचा? तो शक्यतो त्याच लॅबमध्ये करायला सांगा, म्हणजे यंत्र आणि मर्यादा तीच राहील आणि पुढच्या वेळी दोन कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावता येईल.